पहिल्या मेलच्या शेवटी काय मागायचं: मीटिंग की एका ओळीचं उत्तर?

प्रश्न: आम्ही दोघे पार्टनर, भोसरीत असतो. कारखान्यातल्या कॉम्प्रेस्ड एअरची गळती शोधून देतो. चाकण, रांजणगावच्या मेंटेनन्स हेडना मेल पाठवतो. आधी शेवटी असायचं, "३० मिनिटांची ऑनलाइन मीटिंग ठेवूया का? खालच्या लिंकवर वेळ निवडा." उत्तरं जवळपास शून्य. मग मीटिंगऐवजी प्रश्न टाकून पाहिला, "तुमच्या प्लँटमध्ये एअर लीकेजचा प्रॉब्लेम आहे का?" आता उत्तरं येतात, पण "नाही, थँक यू" एवढीच. मग मागायचं तरी काय?

उत्तर:

ही "नाही, थँक यू" वाली उत्तरं फेकून देऊ नका. त्यातून दोन गोष्टी कळतात. मेल स्पॅममध्ये जात नाहीये आणि माणूस शेवटच्या ओळीपर्यंत वाचतोय. नव्या लोकांना पाठवलेल्या मेलमध्ये अर्ध्याअधिक लढाई इथेच हरली जाते. ती तुम्ही जिंकलेली आहे. म्हणजे घोळ फक्त शेवटच्या ओळीत आहे, आणि ती दुरुस्त करणं सगळ्यात स्वस्त.

तुम्ही मीटिंग काढून प्रश्न टाकलात, ही दिशा बरोबर होती. पण प्रश्न म्हटला की तो सोपाच, हे काही खरं नाही. उत्तर द्यायला वेळ किती लागतो, एवढंच आपण मोजतो. समोरच्याला वेळेखेरीज बरंच काही मोजावं लागतं. मी बरीच वर्षं एका कंप्रेसर डीलरकडे सर्व्हिस आणि मग सेल्स केलं, आता लहान इंजिनिअरिंग फर्मच्या विक्रीचं बघतो. त्या अनुभवावरून सांगतो, मेंटेनन्स हेड मेलला उत्तर देत नाही याचं कारण "वेळ नाही" हे क्वचितच असतं.

आधी मीटिंगची ओळ त्याच्या बाजूने वाचा. तुमच्या लेखी ती ३० मिनिटं आहेत. त्याच्या लेखी काय आहे? अनोळखी लिंक उघडायची, तिथे नाव-मेल भरायचं, कॅलेंडर बघायचं, आणि मेंटेनन्सच्या माणसाचं कॅलेंडर म्हणजे कधी ब्रेकडाऊन येईल सांगता येत नाही. मीटिंगला बसलं की समोरचा प्रेझेंटेशन उघडणार, मध्ये उठता येणार नाही, आणि नंतर आठवडाभर "सर, काय ठरलं?" असे फोन येणार. शिवाय अशा कामाचा खर्च त्याच्या अधिकारात नसेल तर मीटिंगनंतर प्लँट हेडकडे जाऊन विषय काढायचा, तेही तुमच्याबद्दल काहीच माहिती नसताना. एवढ्या सगळ्याला "हो" म्हणण्यापेक्षा मेल तसाच राहू देणं सोपं.

आता तुमचा प्रश्न. "एअर लीकेजचा प्रॉब्लेम आहे का?" वेळ म्हणाल तर दोन सेकंद. पण कंप्रेसर रूम आणि एअर लाइन कोणाच्या अखत्यारीत येते? त्याच्याच. म्हणजे तुम्ही त्याला कंपनीच्या मेलवरून, अनोळखी माणसाला, लेखी कबूल करायला सांगताय की माझ्या डिपार्टमेंटमध्ये घोळ आहे. हा मेल उद्या कोणी फॉरवर्ड केला तर? साहजिकच तो "नाही" लिहितो. गंमत अशी की लीकेज प्रत्येक प्लँटमध्ये असतं, हे त्यालाही ठाऊक असतं. त्यामुळे त्याच्या "नाही"तून तुम्हाला माहिती काहीच मिळत नाही, आणि दार मात्र बंद होतं. नंतर तो "हो" म्हणू लागला तर स्वतःचंच बोलणं फिरवल्यासारखं होईल.

अशाच दिसायला सोप्या आणि प्रत्यक्षात अवघड प्रश्नांची आणखी तीन उदाहरणं पटकन सांगतो, कारण यांच्याकडे तुम्ही वळण्याची शक्यता आहे. "युटिलिटीमध्ये तुमचं सगळ्यात मोठं आव्हान काय?" याला निबंध लिहावा लागेल, त्यापेक्षा मीटिंग बरी. "महिन्याचं वीजबिल किती येतं?" उत्तर तोंडावर असेल, पण अनोळखी माणसाला कोण सांगेल? "तुमच्याकडे किती कंप्रेसर आहेत?" हे सांगायला हरकत नसते, पण त्यात त्याला काही मिळत नाही. तुमच्या कोटेशनचा फॉर्म तो फुकट भरून देतोय, असं वाटतं.

तुमच्या जागी मी असतो तर हे विचारलं असतं:

> सुट्टीच्या दिवशी कंप्रेसर पूर्ण बंद ठेवता, की काही मशीनसाठी लाइनमध्ये प्रेशर ठेवावंच लागतं?

भोसरी-पिंपरी पट्ट्यात गुरुवारची सुट्टी असते, तिथे सरळ "गुरुवारी" लिहा. हा माणूस आपल्याच भागातला आहे, हे त्या एका शब्दातून कळतं. बाकी ठिकाणी त्या कंपनीची सुट्टी विचारून घ्या, गेटवरचा सिक्युरिटीवाला सांगतो.

हा प्रश्न का चालतो ते बघा. उत्तर डोक्यात तयार आहे, फाइल उघडावी लागत नाही. बंद ठेवत असो वा चालू, त्यात कसली कबुली नाही. प्रेशर ठेवावं लागतं याला पुष्कळदा खरंच कारण असतं. काही मशीनना एअर पर्ज लागतो, कुठे रविवारीही अर्धी लाइन चालते. "ठेवावंच लागतं" हा शब्दप्रयोग मी मुद्दाम केलाय. त्यामुळे चालू ठेवणाऱ्यालाही आपण चुकीचं करतोय असं वाटत नाही. तो कारणासकट उत्तर देतो, आणि ते कारणच तुम्हाला हवं असतं. शिवाय प्रश्नावरून त्याला कळतं की विचारणारा कंप्रेसर रूममध्ये उभा राहिलेला आहे. ब्रोशर पाठवून हे कळवता येत नाही.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, दोन्ही उत्तरांतून तुमचं काम पुढे सरकतं. "प्रेशर ठेवतो" असं आलं, तर मशीन बंद असताना जेवढी हवा जाते ती जवळपास सगळी गळतीच, आणि कंप्रेसर दिवसभर तीच भरून काढतोय. "बंद ठेवतो" असं आलं, तर आणखी चांगलं. शिफ्ट सुरू होण्याआधी कंप्रेसर लावून, एकही मशीन चालू नसताना गळती मोजता येते. प्रश्न लिहिताना मी हीच कसोटी लावतो. संभाव्य उत्तरं कागदावर लिहायची आणि प्रत्येकाखाली माझा पुढचा मेल काय असेल ते लिहायचं. एखाद्या उत्तराखाली "धन्यवाद" सोडून काही सुचलं नाही, तर प्रश्न बदलायचा. तुमच्या जुन्या प्रश्नाला ही कसोटी लावा. "नाही" खाली काय लिहाल?

एक मर्यादा आहे. प्रोसेस प्लँट बारा महिने चोवीस तास चालतात, तिथे सुट्टीच नाही, मग हा प्रश्न विचारणं म्हणजे त्यांच्याबद्दल काही माहीत नसल्याची जाहिरात. तिथे मी विचारतो, "कंप्रेसरचं सेटिंग साधारण किती बारवर आहे, आणि लाइनच्या शेवटच्या मशीनला किती मिळतं?" हे आकडे त्याला पाठ असतात. दोन्हींत एका बारच्या आसपास फरक असेल, तर लाइनमधलं नुकसान भरून काढायला सेटिंग वर चढवलेलं असण्याची बरीच शक्यता असते. आणि प्रेशर एक बारने वाढवलं की वीज साधारण ६ ते ७ टक्के जास्त जाते, हे तोही जाणतो. बोलण्याची सुरुवात तिथून होते.

आता पूर्ण मेल कसा दिसेल ते लिहितो. तुम्ही इंग्रजीत पाठवत असाल तर तसंच ठेवा, मुद्दा रचनेचा आहे.

> नमस्कार सर,
>
> भोसरीत आम्ही दोघे कॉम्प्रेस्ड एअरची गळती शोधायचं काम करतो. अल्ट्रासॉनिक डिटेक्टर घेऊन लाइन चालतो, प्रत्येक लीकला टॅग लावतो आणि कुठल्या लीकमधून अंदाजे किती हवा जाते याची यादी देतो. उत्पादन थांबवावं लागत नाही.
>
> प्रेस शॉप असलेल्या प्लँटमध्ये आम्हाला जास्त लीक मशीनच्या आत नाही, तर क्विक कपलिंग, एफआरएल युनिट आणि जुन्या होजच्या टोकांना सापडतात. म्हणून तुम्हाला लिहितोय.
>
> एकच विचारायचं होतं: गुरुवारी कंप्रेसर पूर्ण बंद ठेवता, की काही मशीनसाठी लाइनमध्ये प्रेशर ठेवावंच लागतं?

खाली नाव आणि फोन नंबर. बस. कॅलेंडरची लिंक नाही, ब्रोशर नाही, "आमच्या वेबसाइटला भेट द्या" नाही. एका मेलमध्ये एकच मागणी, हा नियम मी कडकपणे पाळतो. तुमच्या जुन्या मेलमध्ये प्रश्न होता, त्याखाली लिंक होती आणि वर पीडीएफ जोडलेली होती असं धरून चालतो, कारण बहुतेकांच्या मेलमध्ये असतं. मग वाचणारा आधी ठरवत बसतो की यातलं काय करायचं, आणि ठरत नाही म्हणून काहीच करत नाही. प्रश्न शेवटच्या ओळीत एकटा ठेवायचा, मोबाइलवर अंगठ्याने खाली सरकवताना तो शेवटी नजरेसमोर राहिला पाहिजे. "कृपया आपला अभिप्राय कळवावा" ही ओळ त्याच्याखाली टाकू नका, प्रश्नाची धार तिथेच जाते.

आता उत्तर आलं समजा. "काही सीएनसीना एअर लागते, म्हणून एक कंप्रेसर चालू असतो." इथे बरेच जण उतावीळ होतात आणि लगेच "मग उद्या भेटूया का सर?" असं लिहितात. मी एक पायरी मध्ये ठेवतो, आणि त्या पायरीवर त्याला काहीतरी देतो. असं:

> मग गळती तुम्हालाच मोजता येईल. गुरुवारी, फक्त तेवढी मशीन चालू असताना, कंप्रेसर किती वेळ लोडवर आणि किती वेळ अनलोडवर जातो हे पाच-सहा वेळा घड्याळ लावून बघा. लोडचा वेळ भागिले लोड अधिक अनलोडचा वेळ, गुणिले शंभर. त्या सीएनसींना लागणारी हवा वजा केली की उरलेली टक्केवारी गळतीची. हवं तर आम्ही येऊन मोजून देतो, त्याचे पैसे नाहीत.

याचा हिशोब कसा पडतो ते एकदा मांडून बघू, कारण पुढच्या पायरीवर काय मागायचं हे त्यावर ठरतं. समजा लोडवर दीड मिनिट, अनलोडवर साडेतीन मिनिटं. म्हणजे पाचातलं दीड, ३० टक्के. सीएनसीचा वाटा हिशोब सोपा ठेवण्यासाठी बाजूला ठेवू. कंप्रेसर ५०० सीएफएमचा असेल तर १५० सीएफएम हवा वाया. सात बारला १०० सीएफएम तयार करायला ढोबळमानाने १८ किलोवॅट लागतात, म्हणजे २७ किलोवॅट. वर्षाला ६,००० तास धरले तर १,६२,००० युनिट. युनिटला ८ रुपये धरले तरी १३ लाखांच्या जवळ. हा आकडा तुम्ही सांगितला तर ती विक्रेत्याची बडबड. पहिला दीड मिनिटाचा आकडा त्याने स्वतःच्या घड्याळावर बघितलेला असला, की पुढचा गुणाकार तो स्वतः करतो आणि प्लँट हेडला स्वतःच सांगतो. एक ध्यानात ठेवा, कंप्रेसर व्हीएफडीचा असेल तर तो लोड-अनलोड करत नाही, वेग कमी-जास्त करतो. तिथे घड्याळाची पद्धत लागू होत नाही, पॅनेलवरची टक्केवारी बघायला सांगा. हे न विचारता घड्याळ लावायला सांगितलंत तर त्याच्या नजरेतून उतराल.

"पद्धतच सांगून टाकली तर तो आपल्याला कशाला बोलावेल?" असं तुमचा पार्टनर म्हणेल. किती टक्के जातंय हे कळणं आणि कुठून जातंय हे कळणं यात फरक आहे. दुसऱ्यासाठी डिटेक्टर लागतो, आणि लाइनवर शिडी लावून फिरणारी माणसं लागतात. ज्याने मोजून बघितलं तो तुमचा सगळ्यात चांगला गिऱ्हाईक, आणि जो मोजायचे कष्ट घेत नाही त्याला "आम्ही येऊन मोजतो" हा पर्याय आहेच.

आता भेट मागायची वेळ आली, आणि इथे नियम उलटा होतो. पहिल्या मेलमध्ये तारीख-वेळ मागणं ओझं होतं, इथे ती न सांगणं ओझं होतं. "सर, तुमच्या सोयीने कधी जमेल ते कळवा" हे वाचायला नम्र वाटतं, पण जुळवाजुळवीचं सगळं काम त्याच्यावर ढकललं जातं. त्याऐवजी: "येत्या गुरुवारी सकाळी १० वाजता येतो. दोघं जण, दोन तासांचं काम. गेटपाससाठी नावं आणि गाडीचा नंबर खाली देतो, सेफ्टी शूज आणि हेल्मेट आमचंच. दिवस बदलायचा असेल तर कळवा." आता त्याला फक्त "ओके" लिहायचं आहे. ज्या मागणीला पहिल्या दिवशी उत्तर आलं नसतं, तीच आता सगळ्यात सोपी मागणी झाली, कारण मधल्या दोन मेलमध्ये त्याला कळलं की तुम्ही काय करायला येणार, किती वेळ, आणि त्याला काय मिळणार.

याला दुजोरा देणारी एक पाहणी आहे. सेल्स कॉल आणि मेलचं विश्लेषण करणारी गाँग नावाची अमेरिकन कंपनी आहे. त्यांना असं दिसलं की ओळख नसलेल्याला पहिल्या मेलमध्ये मीटिंगची वेळ मागण्यापेक्षा "यात रस आहे का" असं विचारणं जास्त चालतं, आणि एकदा बोलणं सुरू झालं की मात्र नेमका दिवस आणि वेळ सांगणारे मेल पुढे जातात. त्यांचे टक्के मी देत नाही, कारण ते बहुतांशी अमेरिकेतल्या सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचे आहेत आणि रांजणगावच्या मेंटेनन्स हेडला लागू होतीलच असं नाही. दिशा मात्र माझ्या अनुभवाशी जुळते.

दुसरा पुरावा जुना आहे आणि मला तो जास्त उपयोगी वाटतो. १९६६ साली फ्रीडमन आणि फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अंगणात "गाडी जपून चालवा" असा भला मोठा, बेढब फलक लावू द्याल का असं विचारलं. थेट विचारलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के तयार झाले. ज्यांनी आधी त्याच विषयाची छोटीशी पाटी लावून घेतली होती, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ७६ टक्के होतं. सेल्सच्या ट्रेनिंगमध्ये गोष्ट इथेच थांबते: "छोटा हो घ्या, मग मोठा हो मिळतो." पण त्याच प्रयोगात आणखी एक गट होता, ज्यांची पहिली छोटी मागणी वेगळ्याच विषयाची होती. तिथे परिणाम दिसला, पण बराच कमी. माझ्या दृष्टीने खरा धडा हा. छोटी मागणी मोठ्या मागणीच्याच वाटेवर असली पाहिजे. तुम्ही "आमचा लेख आवडला का?" असं विचारून हो मिळवलात, तर त्या "हो"चा कंप्रेसर रूमशी काही संबंध नाही. गुरुवारच्या प्रेशरचा प्रश्न त्याच वाटेवरची पहिली पायरी आहे. घरोघरी जाऊन समोरासमोर केलेला प्रयोग मेलला जसाच्या तसा लावायचा नाही, हेही आहेच.

मीटिंग कधीच थेट मागू नये असं मी म्हणत नाही. समोरच्याला तुमचं काम आधीच माहीत असेल तर प्रश्न विचारत बसणं हा उलट त्याचा वेळ खाणं आहे. तुमच्या जुन्या गिऱ्हाइकाने त्याला फोन करून "यांना बोलाव" सांगितलंय, मग सरळ तारीख द्या. त्या कंपनीत प्रेशर पुरत नाही म्हणून नवीन कंप्रेसर घ्यायचं चाललंय असं कानावर आलंय, तरीही थेट भेट मागा. "नवीन कंप्रेसरची ऑर्डर जायच्या आधी एकदा लाइन बघू द्या, कदाचित लागणारच नाही" ही ओळ अशा वेळी कुठल्याही प्रश्नापेक्षा जोरदार असते, आणि तिला मुदतही आहे, ऑर्डर गेली की संपलं.

लहान कारखान्याचा मालक हा तर वेगळाच प्राणी. भोसरीतले वीस-तीस माणसांचे युनिट चालवणारे मालक मेल वाचतात, पण उत्तर टाइप करायचा त्यांना कंटाळा. त्यांच्यासाठी सगळ्यात हलकी मागणी म्हणजे फोन, किंवा "शुक्रवारी तुमच्या गल्लीत दुसऱ्या कामाला येतोय, पाच मिनिटं डोकावू का?" ते "या की" म्हणतात आणि चहा पाजतात. मोठ्या कंपनीच्या मेंटेनन्स हेडला हीच ओळ पाठवली तर ती आगाऊपणाची वाटते, कारण तिथे गेटपासशिवाय डोकावता येत नाही. म्हणून "कमी त्रासाची मागणी कुठली?" याचं उत्तर माणसागणिक बदलतं. यादी एकच असली तरी मालक आणि मॅनेजर यांचे मेल वेगळे ठेवा.

तपासायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या आठवड्यात विचाराल. नवा प्रश्न १०० जणांना, जुना १०० जणांना पाठवला, एकीकडे ६ उत्तरं आली आणि दुसरीकडे ३, म्हणून "दुप्पट!" असा निष्कर्ष काढू नका. एवढ्या लहान आकड्यांत असा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. तुमच्यासारख्या दोन माणसांच्या फर्मकडे हजारो मेलची यादी नसते, त्यामुळे टक्केवारीच्या मागे लागण्यापेक्षा आलेल्या उत्तरांचे शब्द वाचा. "नाही, थँक यू" ऐवजी "ठेवावं लागतं, कारण आमच्या पेंट शॉपला..." असं दोन ओळींचं उत्तर यायला लागलं, तर प्रश्न लागू पडतोय. एका शब्दाची उत्तरं भरपूर आणि भेटी शून्य, तर प्रश्न सोपा आहे पण वाटेवरचा नाही. आणि काहीच येत नसेल तर शेवटची ओळ बदलत बसू नका. मग मेल पोचतोय का, योग्य माणसाला जातोय का, विषयाची ओळ कशी आहे, हे बघा. स्वतःच्या जीमेलवर पाठवून तो कुठल्या फोल्डरमध्ये पडतो हे बघायला एक मिनिट लागतं. मोजायचंच असेल तर दर महिन्याला मेलमधून प्रत्यक्ष कंप्रेसर रूमपर्यंत किती वेळा पोचलात, एवढं एकच मोजा.

उत्तर न देणाऱ्यांना दुसरा मेल जरूर पाठवा, पण आठवडाभराने, आणि त्यात पहिलाच प्रश्न "आठवण करून देतो" म्हणून पुन्हा चिकटवू नका. पहिल्यापेक्षा हलकी मागणी करा. मी बहुतेकदा हे विचारतो: "युटिलिटीचं काम तुमच्याकडे आहे, की दुसरं कोणी बघतं?" मोठ्या प्लँटमध्ये मेंटेनन्स आणि युटिलिटी वेगळ्या माणसांकडे असतात, आणि तुमच्या यादीतले काही जण मुळात चुकीचेच असणार. नाव सांगून मोकळं होणं त्यांनाही सोपं जातं. मिळालेल्या माणसाला लिहिताना पहिल्याचं नाव वर घाला, "अमुक सरांनी तुमचं नाव सुचवलं," आणि मग तोच गुरुवारचा प्रश्न. तिसरा मेल मी पाठवत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा लिहितो, शक्यतो उन्हाळ्यात, कारण तेव्हा कंप्रेसर रूम तापते, मशीन हाय टेंपरेचरवर ट्रिप व्हायला लागतात आणि हवेचा विषय त्याच्या टेबलावर आपोआप येतो.

आधीच "नाही" लिहून पाठवलेल्यांना सध्या थांबा. त्यांना तेव्हाच लिहा, जेव्हा त्यांच्याच शेजारच्या प्लँटमध्ये तुमचं एखादं काम झालेलं असेल आणि त्या गिऱ्हाइकाने नाव सांगायला परवानगी दिलेली असेल.